शैक्षणिक पॉडकास्टची सुरुवात एका मिनिटाच्या आत बसत नाहीये, स्क्रिप्ट टाकतेय, बघा ना

विवरवेडी | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, मी बुलढाणा जिल्ह्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, एमएस्सी भूशास्त्रात केलंय. शिक्षकांसाठीच्या एका ऑनलाइन कोर्समध्ये शेवटचं काम म्हणून पॉडकास्टचा पहिला भाग करायचाय आणि आधी फक्त सुरुवात पाठवायची आहे, विषयाची आणि सांगणाऱ्याची ओळख, सगळं मिळून एका मिनिटाच्या आत. विषय लोणार. भाग नंतर मुलांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण जाणार आहे, खरं तर माझ्यासाठी तेच जास्त महत्त्वाचं.

स्क्रिप्ट चार वेळा लिहून झाली. शब्द मोजले तर १०७ भरतात, पण वाचायला ६३ सेकंद लागतात आणि आधी १२ सेकंदांची धून आहे म्हणजे एकूण सव्वा मिनिट. दोन-तीन शब्द काढून काही होत नाही. नावाच्या जागी टिंबटिंब ठेवलंय.

"नमस्कार मंडळी, 'मातीखालचं' या भूशास्त्रविषयक शैक्षणिक पॉडकास्टच्या पहिल्या भागात आपल्या सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. मी टिंबटिंब, भूशास्त्रात एमएस्सी केलेलं असून गेली अकरा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अध्यापन करत आहे. महाराष्ट्राला लाभलेल्या समृद्ध भूशास्त्रीय वारशाची ओळख सोप्या भाषेत सर्वांना व्हावी या उद्देशाने हा उपक्रम सुरू करत आहे. आजच्या भागाचा विषय आहे बुलढाणा जिल्ह्यातील जगप्रसिद्ध लोणार सरोवर. बेसाल्ट खडकात उल्कापातामुळे तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि क्षारयुक्त अल्कधर्मी पाण्याने भरलेलं हे विवर १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस आलं. आजच्या भागात आपण लोणारची निर्मिती, त्याचं वय, पाण्याचे गुणधर्म, २०२० साली पाणी गुलाबी होण्यामागची कारणं, परिसरातील मंदिरं आणि जैवविविधता या सर्व बाबींचा आढावा घेणार आहोत. तर चला, सुरुवात करूया."

काय काढू?

---

माळावरचा | शनिवार, रात्री ९:५८

ताई तुमची स्क्रिप्ट मोठी नाहीच आहे, एका मिनिटात १५० शब्द बसतात हे सगळीकडे लिहिलेलं असतं, तुम्ही १०७ वर आहात म्हणजे तुम्ही हळू वाचताय. थोडा स्पीड वाढवा, एडिटिंगमध्ये मधले पॉज कापा, आरामात ४५ सेकंदांत येईल. धून १२ सेकंद ठेवाच, तीच आपली ओळख असते, लोकांच्या डोक्यात बसली पाहिजे. आणि सुरुवात "तुम्हाला माहीत आहे का?" अशा प्रश्नाने करा, नमस्कार वगैरे ऐकून लोक पुढे ढकलतात. माझं शेतीवरचं चॅनल आहे, अनुभवाने सांगतोय.

---

आईची_डायरी | शनिवार, रात्री १०:२०

छान उपक्रम! सुरुवातीला दोन ओळींची चारोळी घ्या, वातावरण तयार होतं. मी आमच्या सोसायटीच्या आणि मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते. आधी मान्यवरांचं स्वागत, मग दीपप्रज्वलनाच्या वेळी म्हणायला एखादी ओळ, मग निवेदिकेची ओळख दुसऱ्याने करून दिलेली बरी, स्वतःच स्वतःची करून दिली की अवघड वाटतं ऐकायला. हवं तर माझ्याकडे निसर्गावरच्या चारोळ्या आहेत त्या देते.

---

विवरवेडी | शनिवार, रात्री १०:३१

@आईची_डायरी, धन्यवाद हो, पण हा स्टेजवरचा कार्यक्रम नाही, एकटीने रेकॉर्ड करून ऑडिओ पाठवायचाय. समोर कुणी नसतं.

@माळावरचा, स्पीड वाढवून बघितला. ५२ सेकंदांत आलं पण "क्षारयुक्त अल्कधर्मी"ला दोन्ही वेळा अडखळले.

---

जुनानिवेदक | रविवार, सकाळी ७:१५

बावीस वर्षं आकाशवाणीवर हंगामी निवेदक म्हणून काम केलंय, शैक्षणिक कार्यक्रमही खूप केले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते १५० शब्दांचं. तो आकडा इंग्रजीचा आहे, मराठीला तसाच लावू नका. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, "महाविद्यालयात" हा मोजताना एक शब्द पण तोंडाने सात अक्षरं म्हणावी लागतात. माझा स्वतःचा निवेदनाचा वेग मिनिटाला १०५ ते ११५ शब्द असा राहिला, गप्पांचा कार्यक्रम असेल तर थोडा जास्त. तुमचे ६३ सेकंदांत १०७ म्हणजे अगदी बरोबर वेग आहे, तुम्ही हळू वाचत नाही आहात.

आणि कागदावर मोजलेले शब्द फसवतात. "१८२३" हा कागदावर एक शब्द, तोंडात "अठराशे तेवीस" असे दोन. "१.८" म्हणजे "एक पूर्णांक आठ". "सी. जे. ई." म्हणजे तीन. म्हणून शब्द मोजूच नका. फोनवर स्टॉपवॉच लावा, उभं राहून पूर्ण आवाजात तीनदा वाचा आणि तिन्हीतली सगळ्यात जास्त वेळ लागलेली धरा. मनातल्या मनात वाचून मोजलेली वेळ नेहमी कमी येते.

आता मजकूर. तुमचं पाचवं वाक्य घ्या, "बेसाल्ट खडकात" पासून "नजरेस आलं" पर्यंत. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे काय झालं हे कळायला ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर खडक, उल्का, व्यास, क्षार, साल, साहेबाचं नाव हे सगळं हातात धरून उभं राहावं लागतं. वाचताना माणूस मागे जाऊन परत बघतो. ऐकताना ती सोय नाही. बसमध्ये ऐकणारा पोरगा "व्यासाचं" पर्यंत आला की "बेसाल्ट" विसरलेला असतो. त्या एका वाक्याची पाच वाक्यं झाली तरी वेळ तेवढाच लागेल, कधीकधी कमी लागतो, कारण जोडणारे "झालेलं, भरलेलं, असलेलं" गळून पडतात.

१.८ किलोमीटर सांगायचंच असेल तर "पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त" म्हणा. पण सुरुवातीत ते हवंय का हा खरा प्रश्न. तुमच्या सहाव्या वाक्यात सहा विषय आहेत. सहा विषयांचा आढावा घेणार म्हणजे अनुक्रमणिका झाली, अनुक्रमणिका कानाने ऐकत नाही कुणी. मला एक सांगा, भाग पूर्ण लिहून झालाय का? त्यातला सगळ्यात जास्त वेळ कशावर जातो?

---

विवरवेडी | रविवार, सकाळी ८:०५

भाग लिहून झालाय, १४ मिनिटांचा आहे. त्यातली नऊ मिनिटं जवळजवळ एकाच गोष्टीवर जातात, की हे उल्केमुळे झालं हे सिद्ध कसं झालं. बाकी मंदिरं, गुलाबी पाणी हे शेवटी पटापट येतं.

---

जुनानिवेदक | रविवार, सकाळी ८:२०

मग तेच सुरुवातीत घ्या आणि बाकीचं सोडून द्या. तुम्ही दाराशी सहा वस्तू मांडल्या आहेत आणि घरात एकच आहे.

एक लक्षात घ्या, "लोणार कसं तयार झालं?" हा प्रश्न म्हणून चालणार नाही. महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाला उत्तर पाठ आहे, उल्का पडली. म्हणून @माळावरचा म्हणतात ते "तुम्हाला माहीत आहे का" इथे उलटं पडतं, ऐकणारा म्हणतो हो माहीत आहे, आणि कान बंद करतो. ज्याचं उत्तर त्याला येतंय असं वाटत होतं पण येत नाही, असा प्रश्न हवा. "हे कशावरून?" हा तसा आहे.

---

खडकफोड्या | रविवार, सकाळी ९:१२

भूशास्त्रवाला आहे म्हणून मध्ये पडतो. जुनानिवेदकांचा मुद्दा विषयाच्या दृष्टीनेही पक्का आहे कारण लोणारची मजाच ती आहे. सगळा आजूबाजूचा दगड दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा लाव्हा. ज्वालामुखीच्या दगडात गोल खड्डा दिसला की आधी ज्वालामुखीच आठवणार, आणि तसंच बरीच वर्षं मानलं जायचं. पुढे सरोवराच्या तळाखाली ड्रिलिंग झालं, वर आलेल्या नमुन्यांमध्ये मास्केलिनाइट सापडलं आणि १९७३ ला त्यावरचा पेपर आला. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज वितळून नाही तर नुसत्या धक्क्याच्या दाबाने काच होतं तेव्हा हे बनतं. लाव्हा कितीही तापला तरी तसला दाब तिथे नसतो.

दोन विनंत्या. एक म्हणजे वय सुरुवातीत टाकू नका. एका पद्धतीने ५२ हजार वर्षांच्या आसपास येतं, नंतर २०११ ला आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार आलं, दहापट फरक आहे, तो अर्ध्या वाक्यात सांगता येणार नाही आणि एकच आकडा दिला तर चूक होईल. दुसरं म्हणजे १८२३ ला साहेबाच्या "नजरेस आलं" हे काढाच. काठावर आणि गावात चालुक्य काळापासूनची देवळं आहेत, दैत्यसूदनाचं देऊळ बघायला लोक लांबून येतात, नजरेस कधीचंच होतं. त्याने नोंद केली एवढंच.

---

विवरवेडी | रविवार, सकाळी ९:३०

अलेक्झांडरचं खरंच पटलं. पाठ्यपुस्तकी सवयीने लिहून गेले, मुलं त्याच गावांमधली आहेत आणि मी त्यांना सांगणार की तुमचं तळं साहेबाला दिसलं.

---

बारावी_सायन्स | रविवार, सकाळी ११:४०

मी विद्यार्थी आहे म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने सांगतो. आमच्या ग्रुपवर सर ऑडिओ टाकतात तेव्हा आम्ही कुठपर्यंत ऐकतो ते सांगू का, नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, मग डिग्री, मग उपक्रमाचा उद्देश, इथे मी पुढे सरकवतो कारण परीक्षेला काय येणार ते नंतर असतं. उद्देशाचं वाक्य सगळ्यात आधी काढा मॅडम. ते ऐकणाऱ्यासाठी नसतं, कोर्स घेणाऱ्यांसाठी असतं.

पण शिकवणारं कोण आहे हे थोडं कळावं असं वाटतं. डिग्री नाही, म्हणजे हे माणूस तिथे गेलंय का.

---

अटलांटिकपार | रविवार, दुपारी ३:१५

न्यू जर्सीहून. माझा ऑफिसला जायचा रस्ता पन्नास मिनिटांचा, त्यात मराठी पॉडकास्ट ऐकतो, मुलगी मागच्या सीटवर असते. माझी अडचण सांगतो, ॲपमध्ये रांग लावलेली असते, एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. गाडी चालवताना स्क्रीन बघता येत नाही. मधेच एखादा आवाज "काठावर उभं राहिलं की" असं काही सांगायला लागतो आणि मला कळत नाही हा कुठला कार्यक्रम, कुणाचा, आधीचाच चालू आहे की नवीन. मला पहिल्या पाच सेकंदांत नाव हवं. कार्यक्रमाचं आणि बोलणाऱ्याचं. मग काय ती गोष्ट सांगा. त्यामुळे नमस्कार नंतर ढकलायच्या मी विरोधात आहे.

---

माळावरचा | रविवार, दुपारी ३:५०

नाव तर ॲपमध्ये लिहिलेलं असतंच की, परत कशाला सांगायचं.

---

बारावी_सायन्स | रविवार, दुपारी ४:०५

व्हॉट्सॅपवर नसतं ना. फॉरवर्ड झालेल्या ऑडिओला नुसता AUD आणि पुढे आकडे असं नाव येतं. कुणाचं आहे काहीच कळत नाही.

---

जुनानिवेदक | रविवार, सायंकाळी ५:३०

हे पोराने फार नेमकं सांगितलं. ज्यांचं ऐकणं फॉरवर्डवर आहे त्यांना नाव आवाजातूनच कळणार, म्हणून नाव गाळायचं नाही. कुठे घालायचं यावर मी आणि न्यू जर्सीवाले वेगळे आहोत. रेडिओत संकेतधून वाजली की ऐकणाऱ्याला कार्यक्रम ओळखू यायचा, नाव नंतर आलं तरी चालायचं, मला ती सवय आहे. नव्या कार्यक्रमाची धून कुणाला ओळखीची नसते हेही खरं.

ओळखीबद्दल एक. "एमएस्सी केलेलं असून" हे बायोडेटातलं वाक्य आहे. विवरवेडी, तुम्ही लोणारला शेवटच्या कधी गेलात?

---

विवरवेडी | रविवार, सायंकाळी ६:१०

दरवर्षी मुलांची सहल नेते ना. आणि गंमत म्हणजे दरवर्षी खाली उतरताना कुणीतरी एक विचारतंच, मॅडम उल्काच पडली हे कशावरून, उल्का तर कुठे दिसत नाही.

---

जुनानिवेदक | रविवार, सायंकाळी ६:१४

झाली तुमची ओळख. हेच लिहा.

---

विवरवेडी | रविवार, रात्री १०:५०

नवीन स्क्रिप्ट. जुनी बाजूला ठेवली, कोऱ्या कागदावर आधी फोनमध्ये बोलून मग उतरवून घेतली. ८१ शब्द.

"लोणारच्या काठावर उभं राहिलं, की पायाखाली काळा दगड असतो. ज्वालामुखीतून आलेला. त्यामुळे कितीतरी वर्षं अनेक अभ्यासकांना वाटायचं, की समोरचा खड्डाही ज्वालामुखीचाच. मग तळाखाली बोअर मारून दगडाचे तुकडे वर काढले. त्यात एक काच सापडली. आणि ही काच ज्वालामुखीत तयार होत नाही.

नमस्कार. मी टिंबटिंब. बुलढाणा जिल्ह्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. दरवर्षी मुलांना घेऊन लोणारला जाते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, मॅडम, उल्काच पडली हे कशावरून?

'मातीखालचं'च्या या पहिल्या भागात, त्या प्रश्नाचं उत्तर. ती काच कशी तयार झाली, आणि ती पाहिल्यावर वाद कसा मिटला."

तीनदा वाचलं, ४४, ४५ आणि ४७ सेकंद. म्हणजे ४७ धरायचे.

---

आईची_डायरी | रविवार, रात्री ११:०५

अगं किती सुंदर झालंय, काच सापडली म्हटल्यावर मला पुढे ऐकावंसं वाटलं! काल मी वेगळंच समजले होते. फक्त "खड्डा" शब्द खटकला, खड्डा म्हटलं की मला आमच्या गल्लीतला रस्ता आठवतो. विवर म्हण ना, शिक्षिका आहेस, प्रमाण शब्द तुझ्याकडूनच कानावर पडायला हवा मुलांच्या.

---

खडकफोड्या | रविवार, रात्री ११:२०

विवर हा शब्द भागात पुढे यायलाच हवा, पण पहिल्या वाक्यांत खड्डा बरोबर आहे असं मला वाटतं. काठावर उभ्या माणसाला खड्डाच दिसतो. "विवर" म्हटलं की काही जणांना गुहा किंवा बीळ वाटतं, आणि मग चित्रच बदलतं.

"वाद मिटला" याला मात्र जपून. उल्केचा वाद मिटला, वयाचा नाही. वाक्यात उल्केचाच संदर्भ आहे म्हणून सोडतो, पण कुणी भूशास्त्रवाल्याने ऐकलं तर विचारेल.

---

जुनानिवेदक | सोमवार, सकाळी ६:५०

उत्तम. आता तोंडाच्या गोष्टी.

"'मातीखालचं'च्या" हे म्हणून बघा. चंच्या. जीभ अडकते आणि कार्यक्रमाचं नाव कुठे संपलं ते कळत नाही, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नाव "मातीखालच्या" वाटेल. नावाला प्रत्यय लावू नका, सुटं ठेवा. "हा आहे 'मातीखालचं', भाग पहिला. आज त्या प्रश्नाचं उत्तर." दोन शब्द वाढतील, पण नाव स्वच्छ ऐकू येईल.

"सापडली" नंतर थांबा. पूर्ण एक श्वास. मी कागदावर अशा जागी दोन उभ्या रेघा मारायचो आणि अर्ध्या श्वासाला एक. "आणि ही काच" घाईने आलं तर सगळं वाया. एडिटिंगमध्ये पॉज कापा असं वर कुणी म्हटलंय, हा पॉज कापू नका.

भ, ख, फ, थ ही अक्षरं हवा सोडतात, माइकवर धप् असा आवाज येतो. तुमच्याकडे "उभं", "खड्डाही", "भूगोल", "भाग" आहेत. तोंडासमोर तळहात धरून "भाग" म्हणा, हवा लागते ती कळेल. फोन किंवा माइक तोंडाच्या समोर न धरता गालाच्या बाजूला, चार-पाच बोटं लांब धरा म्हणजे हवा पुढून निघून जाते आणि आवाज मात्र येतो.

---

विवरवेडी | सोमवार, सकाळी ७:३०

तळहात धरून बघितलं, "भूगोल"ला सगळ्यात जास्त लागते! आणि धुनीचं काय करू? बासरीची आहे, १२ सेकंद. भावाने वाजवलीय, काढावीशी वाटत नाही.

---

माळावरचा | सोमवार, सकाळी ८:१०

१२ सेकंद ठेवायला मी सांगितलं होतं पण आता ४७ + १२ म्हणजे ५९, वर ते दोन शब्द, म्हणजे काठावरच येईल. माझ्या व्हिडिओत चित्र असतं त्यामुळे लोक धून ऐकत थांबतात, नुसत्या ऑडिओत १२ सेकंद जास्तच होतात हे मान्य. पण धून काढू नका. आवाजाखाली ठेवा. ऑडॅसिटी वापरता का? त्यात Auto Duck आहे, बोलणं सुरू झालं की धून आपोआप खाली जाते.

---

विवरवेडी | सोमवार, सकाळी ८:२५

ऑडॅसिटीच आहे. Auto Duck दिलं तर काहीतरी एरर येते, ट्रॅक खाली हवा म्हणते.

---

माळावरचा | सोमवार, सकाळी ८:४०

हो, आवाजाचा ट्रॅक धुनीच्या ट्रॅकच्या लगेच खाली पाहिजे. धून वर, आवाज खाली, मग फक्त धुनीचा ट्रॅक सिलेक्ट करून इफेक्ट द्यायचा. ते आधीपासून -12 dB वर असतं, तुम्ही अजून खाली न्या, बासरी आहे ना, बासरीचा सूर आणि बाईमाणसाचा आवाज एकमेकांवर चढतात. तीन सेकंद धून एकटी, मग आवाज, आणि "काच सापडली" च्या आधी धून पूर्ण संपवा. तो पॉज मोकळा राहिला पाहिजे, जुनानिवेदक म्हणतात ते मला आता पटलंय.

---

जुनानिवेदक | सोमवार, सकाळी ९:००

माळावरचा, हे अगदी योग्य. फक्त तपासताना हेडफोन लावून तपासू नका. फाइल व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पाठवा, स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे "अभ्यासकांना" आणि "बोअर" हे शब्द न अडखळता कळले तर बसमधल्या पोराला कळतील.

---

विवरवेडी | मंगळवार, रात्री ८:१५

रेकॉर्ड केलं. पहाटे साडेपाचला, कारण नंतर रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू होतात. कपाट उघडून कपड्यांसमोर बसले, घुमत नाही तिथे. सात टेक झाले, पाचवा ठेवला. तीन सेकंद बासरी, मग आवाज, एकूण ५३ सेकंद. आठ-नऊ वर्षांच्या भाचीला काही न सांगता फोनवर लावून दिलं आणि मध्येच थांबवलं, विचारलं कशाबद्दल आहे? म्हणाली "काचेबद्दल, मावशी, पण ती काच कशाने झाली?" लोणार हे नाव तिला विचारल्यावर आठवलं, माझ्या कार्यक्रमाचं नाव काय ते मात्र सांगता आलं नाही.

कुकरवाली परीक्षा पण घेतली. "बोअर" कळलं, "अभ्यासकांना" पुसट झालं. बदलून "शास्त्रज्ञांना" म्हणून बघितलं तर ते ज्ञ आणि स्त्र मुळे अजूनच वाईट. "जाणकारांना" केलं, ते छान ऐकू येतं.

---

अटलांटिकपार | मंगळवार, रात्री ९:०२

बघा! भाचीला कार्यक्रमाचं नाव आठवलं नाही. मी म्हणत होतो तेच. नाव पस्तीस-चाळीस सेकंदांनंतर येतं आणि तेव्हा डोक्यात काच असते. फक्त तीन शब्द पुढे घ्या, बासरीवर "मातीखालचं, भाग पहिला" एवढंच, मग काठ आणि दगड. तीन सेकंद लागतील, तुमच्याकडे सात शिल्लक आहेत.

---

बारावी_सायन्स | मंगळवार, रात्री ९:२०

पण तिला काच आठवली ना. मला वाटतं नाव नाही आठवलं तरी चालेल, पुढच्या भागात आठवेल.

---

जुनानिवेदक | मंगळवार, रात्री ९:४५

न्यू जर्सीवाल्यांचं हे तीन शब्दांचं मला करून बघण्यासारखं वाटतं, बासरी आधीच आहे, त्यावर नाव बसेल. पण मग शेवटचं "हा आहे मातीखालचं" काढावं लागेल, नाहीतर तेवढ्यात दोनदा होईल. आणि ते काढलं तर "कशावरून?" नंतर थेट "आज त्या प्रश्नाचं उत्तर" येतं, ते ऐकायला जास्त चांगलं लागेल कदाचित. किंवा फार अचानक. कागदावर सांगता येत नाही, दोन्ही रेकॉर्ड करा.

---

विवरवेडी | मंगळवार, रात्री १०:१०

उद्या पहाटे दोन्ही करते. एक कोर्सला पाठवेन आणि दुसरी बारावीच्या ग्रुपवर, कुठली कुठे ते अजून ठरलेलं नाही. @आईची_डायरी, बहुतेक पाणी गुलाबी झालं होतं तो भाग दुसरा होणार, आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी पाण्यातले जे सूक्ष्मजीव शोधले त्याबद्दल, तेव्हा सुरुवातीला तुमची निसर्गावरची एखादी ओळ बघू का? पाण्याच्या रंगावर काही असेल तर पाठवा.

---

आईची_डायरी | मंगळवार, रात्री १०:२५

आहे आहे, वहीत शोधते! पण किती सेकंदांची चालेल ते आधी सांग.